तळपायाला मुंग्या, चालताना जाणारा तोल आणि सोलवटलेली जीभ: शाकाहारी व्यक्तीतील बी-१२ची कमतरता कशी तपासावी

या तीन तक्रारी एकाच व्यक्तीला असल्या तरी त्या बहुधा तीन वेगळ्या ठिकाणी सांगितल्या जातात. जिभेची आग दंतवैद्याला सांगितली जाते, तळपायाच्या मुंग्या मधुमेहाच्या डॉक्टरांच्या कानावर घातल्या जातात आणि चालताना जाणारा तोल गुडघ्यांच्या किंवा वयाच्या खात्यात जमा होतो. जन्मापासून शाकाहारी असलेल्या, साठीच्या आसपासच्या माणसात या तिन्ही गोष्टी काही महिन्यांच्या अंतराने सुरू झाल्या असतील, तर व्हिटॅमिन बी-१२ची कमतरता हे कारण सर्वांत आधी तपासले पाहिजे; कारण ते वेळेवर सापडले तर नसांचे आणि मज्जारज्जूचे नुकसान थांबवता येते, आणि एका वर्षाने सापडले तर त्यातला काही भाग कायमचा राहून जातो. ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी, कोणत्या टप्प्यावर ती हमखास चुकते आणि हातात आलेला अहवाल कसा वाचावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवतो. ते कोणा एका व्यक्तीचे नाही; अशा रुग्णांत नेहमी दिसणारे तपशील त्यात एकत्र केले आहेत. ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या, ६२ वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत, असे समजू. घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असून अंडेही घरात येत नाही. दूध फक्त दोन वेळच्या चहात असते आणि कफ होतो म्हणून दही त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडले आहे. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन दिवसाला २ ग्रॅम चालू आहे, आणि पित्त होते म्हणून सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेण्याची सवय गेली चार वर्षे आहे.

तक्रार नेमकी कशी सांगावी

डॉक्टरांना नुसते "पायाला मुंग्या येतात" असे सांगण्यापेक्षा पुढील गोष्टी घरीच ठरवून सांगितल्या, तर निदानाचे निम्मे काम होते. मुंग्या दोन्ही पायांना एकाच वेळी सुरू झाल्या की एका? बोटांपासून वर चढत गेल्या की कमरेपासून खाली उतरल्या? काकूंच्या बाबतीत आठ महिन्यांपूर्वी दोन्ही पायांच्या बोटांत झिणझिण्या सुरू झाल्या, त्या घोट्यांपर्यंत चढल्या आणि गेल्या दोन महिन्यांत हातांच्या बोटांतही जाणवू लागल्या. बी-१२च्या कमतरतेत असे दोन्ही बाजूंना सारखे आणि सावकाश पसरणे अपेक्षित असते. एकाच पायात कळ जात असेल, तर आधी कमरेच्या मणक्याचा विचार करावा लागतो. आणि अशक्तपणा काही दिवसांतच झपाट्याने वर चढत असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल किंवा श्वास अपुरा पडत असेल, तर बाह्यरुग्ण विभागाची वेळ न पाहता थेट आपत्कालीन विभागात जावे.

तोल जाण्याविषयी विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न असा, की अंधारात किंवा डोळे मिटल्यावर त्रास वाढतो का. काकूंना तलावपाळीवर सकाळी फिरताना फारसे काही जाणवत नसे. पण तोंडाला साबण लावून डोळे मिटले की त्या बेसिनला धरत, रात्री दिवा न लावता स्वयंपाकघरात जाताना भिंतीचा आधार घेत, आणि ठाणे स्टेशनचा जिना उतरताना प्रत्येक पायरीकडे पाहिल्याशिवाय त्यांना पाऊल टाकता येत नसे. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी दोन पावले पुढे गेल्यावर ते लक्षात येई. पाय जमिनीवर नेमका कुठे आहे, ही माहिती पायाकडून मेंदूकडे पोहोचत नसली की माणूस ती उणीव डोळ्यांनी भरून काढतो. डोळे मिटताच ती उघडी पडते. गुडघेदुखीने चाल मंदावते, जिना चढताउतरताना दुखते, पण डोळे मिटल्याने ती बिघडत नाही. हा फरक घरच्या माणसांनाही ओळखता येतो.

जीभ आरशासमोर उजेडात पाहावी. निरोगी जिभेवर बारीक खरखरीत उंचवटे असतात. कमतरतेत ते झिजतात आणि जीभ लाल, गुळगुळीत, कडेने सोलवटल्यासारखी दिसते; लिंबाचे लोणचे किंवा हिरव्या मिरचीचा ठेचा लागताच आग होते आणि कधी कडांना वारंवार तोंड येते. लोहाच्या किंवा इतर बी जीवनसत्त्वांच्या कमतरतेनेही जीभ अशी होऊ शकते, त्यामुळे जीभ एकटी पुरावा ठरत नाही. पायांच्या तक्रारीशेजारी ठेवल्यावर मात्र तिचे वजन वाढते.

जन्मभर चालले, मग आताच का

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो आणि तो रास्त आहे. बी-१२ जिवाणू तयार करतात. धान्य, डाळी, भाज्या आणि फळे यांत ते नसते. शाकाहारी माणसाला ते प्रामुख्याने दुधातून मिळते आणि १०० मिलिलिटर दुधात ते साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम असते. प्रौढ माणसाची रोजची गरज २ मायक्रोग्रॅमहून थोडी अधिक आहे, म्हणजे जेमतेम गरज भागायलाही दिवसाला अर्धा लिटर दूध किंवा तितक्याच दुधाचे दही लागते, आणि दूध पुन्हा पुन्हा उकळल्याने त्यातले काही नष्टही होते. चहातल्या दुधाने ही गरज भागत नाही. स्पिरुलिनासारख्या शेवाळांच्या गोळ्यांत जे असते ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारे, बी-१२सारखे दिसणारे द्रव्य असते. त्यावर विसंबू नये.

तरीही माणूस अनेक वर्षे निभावून नेतो, कारण यकृतात साठा असतो आणि पित्तातून आतड्यात उतरलेले बी-१२ शरीर पुन्हा शोषून घेते. जन्मभर शाकाहारी असलेल्याचा साठा मुळातच कमी असतो, पण ही परतफेड चालू असेपर्यंत उघड लक्षणे दिसत नाहीत. साठीच्या आसपास तीत अडथळे येतात. अन्नातले बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते आणि ते सोडवायला जठरातले आम्ल लागते. वयाने किंवा पित्ताच्या गोळ्यांनी आम्ल कमी झाले की दुधातले बी-१२ मोकळे होत नाही. पुढे जठराच्या पेशी तयार करत असलेला 'इन्ट्रिन्सिक फॅक्टर' नावाचा घटक त्याला धरून लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत नेतो, आणि तिथे होणारे शोषण मेटफॉर्मिनमुळे मंदावते. काकूंच्या बाबतीत आहार, पॅन्टोप्राझोल आणि मेटफॉर्मिन असे तीनही अडथळे एकत्र आले. म्हणूनच शाकाहारी असणे हे पुरेसे कारण मानून तपास तिथेच थांबवणे मला योग्य वाटत नाही. आहाराच्या जोडीला दुसरे काय आले, हे प्रत्येक वेळी शोधावे.

आधी पाय तपासावेत, मग रक्त

रक्ताच्या अहवालावर सगळा भर देऊन पाय न तपासणे ही या आजारात फार वारंवार होणारी गोष्ट आहे, आणि आपल्याकडे तिचे परिणाम विशेष गंभीर होतात. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी होते. त्या सर्वांचा तोल जात नव्हता. याचा अर्थ असा, की आपल्या भागात कोणाचेही रक्त तपासले तरी आकडा कमी निघण्याची शक्यता मोठी आहे, आणि तेवढ्यावरून समोरच्या माणसाची तक्रार त्याच्यामुळेच आहे असे म्हणता येत नाही. ते ठरवायला शरीराची तपासणी लागते.

ही तपासणी जनरल फिजिशियन दहा मिनिटांत करू शकतात. १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर, मग घोट्यावर, मग गुडघ्यावर ठेवतात आणि थरथर जाणवते का, केव्हा थांबली, हे डोळे मिटवून विचारतात. साठीनंतर अंगठ्यावर थरथर थोडी कमी जाणवणे सर्वसाधारण आहे. घोट्यावरही न जाणवणे तसे नाही. नंतर अंगठा दोन्ही कडांनी धरून किंचित वर किंवा खाली हलवतात आणि दिशा विचारतात. काकूंना घोट्यांवर थरथर जाणवली नाही, गुडघ्यांवर अंधूक जाणवली, आणि अंगठ्याची दिशा त्यांनी वारंवार चुकीची सांगितली. टाचणीचा स्पर्श मात्र त्यांना बऱ्यापैकी समजत होता.

त्यानंतर रॉम्बर्गची चाचणी होते: पाय जुळवून, हात शरीराजवळ ठेवून उभे राहायचे, आधी डोळे उघडे आणि मग मिटलेले. उघड्या डोळ्यांनी स्थिर असलेली व्यक्ती डोळे मिटताच डोलू लागली किंवा पाय फाकवू लागली, तर चाचणी सकारात्मक धरतात. डोळे उघडे असतानाही उभे राहता येत नसेल, तर लहान मेंदूचा किंवा कानाच्या आतील भागाचा विचार करावा लागतो. ही चाचणी घरी एकट्याने कधीही करू नये; करायचीच असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात, आणि समोर हात पसरून उभे असलेले माणूस असतानाच.

शेवटी गुडघ्याचा आणि टाचेचा झटका हातोडीने पाहतात व तळव्याच्या कडेवरून टोकदार वस्तू फिरवून अंगठा कुठे वळतो ते पाहतात. मधुमेहाने पायांच्या नसा खराब झाल्या असत्या, तर टाचेचा झटका गेला असता आणि पुढे गुडघ्याचाही मंदावला असता. काकूंच्या टाचेचा झटका गेलेला होता, पण गुडघ्याचा नेहमीपेक्षा जोरात येत होता आणि उजवा अंगठा वरच्या दिशेने वळत होता. पायातली नस आणि मज्जारज्जू दोन्ही एकाच वेळी बिघडल्याची ही खूण आहे. मज्जारज्जूच्या मागच्या भागातून थरथरीची आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव वर जाते, बाजूच्या भागातून हालचालीचे आदेश खाली येतात, आणि बी-१२अभावी या दोन्ही भागांतल्या तंतूंवरचे मायलिनचे आवरण विरू लागते. मधुमेह आहे म्हणून मुंग्या, एवढे म्हणून थांबले असते तर ही बाब निसटली असती.

रक्त देण्याआधीची काळजी

या टप्प्यावर काकूंना त्यांच्या शेजारणीने सुचवले, "नाक्यावर ताकदीचं इंजेक्शन घेऊन टाका, दोन दिवसांत बरं वाटेल." मुलाने डॉक्टरांना फोन करून विचारले तेव्हा ते म्हणाले, "आईंना सांगा, आधी रक्त द्या. इंजेक्शन आपण त्याच दिवशी देऊ, पण नमुना घेतल्यानंतर." त्या 'ताकदीच्या' इंजेक्शनांत बहुधा बी-१२च असते. ते घेतल्यावर रक्तातला आकडा ताबडतोब वर जातो आणि पुढे काही आठवडे किंवा महिने वरच राहतो. मग अहवाल उत्तम दिसतो आणि निदान दिसेनासे होते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: तोल जात असेल तर अहवाल येईपर्यंत चार-पाच दिवस उपचार थांबवून ठेवण्याचेही कारण नाही. नमुना घ्यावा आणि त्यानंतर लगेच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पहिले इंजेक्शन द्यावे.

सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात आणि मागचा मजकूर वाचावा. मुंग्यांसाठी दिल्या जाणाऱ्या प्रेगाबालिनच्या अनेक गोळ्यांत मिथाइलकोबालामिन मिसळलेले असते, तसेच काही मधुमेहाच्या गोळ्यांत आणि बहुतेक मल्टिव्हिटॅमिनमध्येही बी-१२ असते. रुग्ण मनापासून सांगतो की मी बी-१२ घेत नाही, आणि ते दुसऱ्या नावाने त्याच्या पोटात जात असते. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर तेही सांगावे, कारण बायोटिनचा मोठा डोस काही यंत्रांवर बी-१२चा आकडा खोटाच वाढवून दाखवतो; ती दोन-तीन दिवस आधी बंद ठेवायला सांगितले जाते. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून थांबवू नये.

पहिल्याच नमुन्यात पुढील तपासण्या एकत्र मागवणे सोयीचे पडते: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी आणि रक्ताची काचपट्टी, बी-१२, फोलेट, बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे होमोसिस्टीन, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीएवनसी. त्यांतल्या होमोसिस्टीनसाठी एक व्यावहारिक काळजी फार गरजेची आहे. रक्त नळीत तसेच राहिले तर तांबड्या पेशींतून होमोसिस्टीन बाहेर पडत राहते आणि आकडा तासागणिक वाढतो. घरी येऊन नमुना घेणाऱ्याची पिशवी घोडबंदर रोडच्या वाहतुकीतून दोन-तीन तास फिरून प्रयोगशाळेत पोहोचली, तर निरोगी माणसाचे होमोसिस्टीनही वाढलेले दिसू शकते. म्हणून या तपासणीसाठी सकाळी उपाशीपोटी प्रयोगशाळेतच जावे आणि नळी बर्फात ठेवतात का, रक्तद्रव लगेच वेगळा करतात का, हे विचारावे. हा प्रश्न विचारायला संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही.

अहवाल वाचताना

काकूंचा पहिला अहवाल पाहून घरच्यांना हायसे वाटले. हिमोग्लोबिन ११.४ होते, म्हणजे किंचितच कमी. तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ९४ म्हणजे सर्वसाधारण होता. बी-१२च्या कमतरतेत पेशी मोठ्या होतात आणि एमसीव्ही १०० च्या वर जातो, असे पुस्तकात असते. तो गेला नाही म्हणून कमतरता नाही, असा अर्थ सहज काढला जातो. पण त्याच कागदावर आरडीडब्ल्यू १८ होता, म्हणजे पेशींच्या आकारांत मोठी तफावत होती, आणि फेरिटिन केवळ ९ होते. लोह कमी असले की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असले की मोठ्या. दोन्ही कमी असल्यास सरासरी मधोमध येते आणि दोन्ही दोष झाकले जातात. काचपट्टीवर लहान व मोठ्या पेशींचे मिश्रण आणि पाचपेक्षा अधिक पाकळ्यांचे केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी दिसल्या, तेव्हा हा झाकलेला भाग उघड झाला. थॅलेसिमिया मायनर असलेल्या कुटुंबांतही एमसीव्ही अशीच दिशाभूल करतो.

हिमोग्लोबिन चांगले असेल तर नसांचा त्रास बी-१२मुळे नसावा, हा समजही चुकीचा आहे. लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बी-१२अभावी मज्जासंस्थेचा त्रास झालेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांना रक्तक्षय नव्हता किंवा पेशी मोठ्या झालेल्या नव्हत्या. याच्या जोडीला एक धोका लक्षात ठेवावा: फक्त फोलिक अॅसिड दिल्याने रक्तक्षय सुधारू शकतो, पण मज्जारज्जूची झीज चालूच राहते. बी-१२ तपासल्याशिवाय किंवा दिल्याशिवाय एकटे फोलिक अॅसिड अशा रुग्णाला देऊ नये.

बी-१२चा आकडा वाचण्याचा ढोबळ नियम असा आहे. २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी म्हणजे कमतरता धरतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, आणि ३०० च्या वर कमतरतेची शक्यता कमी. काही प्रयोगशाळा पिकोमोल प्रति लिटरमध्ये अहवाल देतात. तिथे २०० पिकोग्रॅमच्या जागी साधारण १४८ येते, म्हणून एकक न पाहता दोन अहवालांची तुलना करू नये. काकूंचा आकडा १६८ पिकोग्रॅम होता.

तो २६० आला असता तर? तेव्हा दुसऱ्या फळीतल्या तपासण्या कामाला येतात. शरीरात बी-१२ दोन ठिकाणी वापरले जाते: एका ठिकाणी होमोसिस्टीनचे मिथिओनिन होते आणि दुसऱ्या ठिकाणी मिथाइलमेलॉनिक आम्लाच्या रूपात साचू शकणारे द्रव्य पुढे वापरले जाते. बी-१२ पेशींपर्यंत पोहोचत नसेल तर ही दोन्ही द्रव्ये रक्तात तुंबतात. होमोसिस्टीन फोलेट कमी असले, थायरॉइड मंद असले किंवा मूत्रपिंड कमी काम करत असले तरी वाढते. मिथाइलमेलॉनिक आम्ल बी-१२शी अधिक निगडित आहे, पण मूत्रपिंडाच्या आजारात तेही वाढते आणि ती तपासणी महाग असते. म्हणून सोबत क्रिएटिनिन, फोलेट आणि टीएसएच पाहायचे असतात. काकूंचे होमोसिस्टीन ४२ मायक्रोमोल प्रति लिटर होते, साधारण १५ पर्यंत अपेक्षित असते. क्रिएटिनिन, फोलेट आणि टीएसएच व्यवस्थित होते. एवढ्यावर निदान पक्के धरता येते. उलट, पायांची तपासणी ठळकपणे बिघडलेली आहे आणि बी-१२ मात्र ६०० आले, तर आधी घेतलेल्या गोळ्या व इंजेक्शने पुन्हा विचारावीत आणि यकृताचा किंवा रक्तपेशींचा आजार आकडा वाढवत नाही ना, हेही पाहावे.

मानेचा एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. काकूंच्या बाबतीत गुडघ्याचा झटका जोरात आणि अंगठा वर, या खुणा मानेच्या मणक्याने मज्जारज्जूवर दाब आल्यानेही होऊ शकतात, आणि या वयात तो दाब सामान्य आहे. म्हणून तो केला गेला. त्यात दाब नव्हता, पण मज्जारज्जूच्या मागच्या भागात उलट्या इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी पांढरी खूण दिसली. एमआरआय कोरा आला असता, तरी निदान रद्द झाले नसते. अशा तपासणीसाठी खासगी दवाखान्यांखेरीज कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात दाखवता येते, आणि न्यूरॉलॉजिस्टची गरज पडल्यास परळच्या केईएमची वाट धरता येते.

कारण शोधणे

इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी शक्यतो इंजेक्शनाआधीच्या नमुन्यातच करावी, कारण ताज्या इंजेक्शनाने काही पद्धतींत तिचा निकाल बिघडतो. ती सकारात्मक आली तर पर्निशियस अॅनिमिया आहे, म्हणजे शरीरच जठराच्या पेशींवर हल्ला करत आहे, आणि उपचार आयुष्यभर लागतात. ती नकारात्मक आल्याने तो आजार पूर्ण वगळला जात नाही. जठराची किंवा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची शस्त्रक्रिया, आतड्याचा क्षयरोग, दीर्घकाळचे जुलाब हे प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. काकूंची प्रतिपिंडे नकारात्मक होती आणि बाकी इतिहासात काही नव्हते. लोह इतके कमी का, याचा शोध मात्र वेगळा घ्यावा लागला. रजोनिवृत्तीनंतर फेरिटिन ९ असेल तर जठर-आतड्यातून रक्त जाते का, हे तपासल्याशिवाय फक्त लोहाची गोळी देऊन भागवू नये.

उपचार सुरू झाल्यावर काय आणि केव्हा पाहावे

मज्जासंस्थेची लक्षणे असताना आहार सुधारून किंवा साध्या मल्टिव्हिटॅमिनने भागत नाही. सुरुवातीला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन रोज किंवा दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, असा क्रम डॉक्टर ठरवतात, आणि सुधारणा होत असेपर्यंत पहिला टप्पा लांबवलाही जातो. पुढे रोज तोंडाने १००० मायक्रोग्रॅम चालू शकतात. इन्ट्रिन्सिक फॅक्टर नसला तरी त्यातले साधारण एक टक्का आपोआप शोषले जाते आणि तेवढे पुरते. रक्तक्षय तीव्र असल्यास पहिल्या आठवड्यात पोटॅशियम घसरू शकते, म्हणून अशा रुग्णावर जवळून लक्ष ठेवतात.

सुधारणा एकाच वेळी दिसत नाही, आणि हे आधी माहीत नसेल तर लोक तिसऱ्या आठवड्यात इंजेक्शने सोडतात. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्याने बनलेल्या तांबड्या पेशी, साधारण आठवड्याभरात वाढलेल्या दिसतात. जीभ एक ते दोन आठवड्यांत शांत होऊ लागते. काकूंना दहाव्या दिवशी लोणचे न जळजळता खाता आले. मुंग्या सुरुवातीला काही जणांत उलट वाढतात. चालण्यातला फरक सहा आठवड्यांनंतर जाणवू लागतो आणि पुढे सहा महिने ते वर्षभर सावकाश वाढत जातो. काय मोजायचे तेही ठरलेले असावे: बी-१२चा आकडा पुन्हा पुन्हा तपासण्यात पैसे घालवू नयेत, कारण इंजेक्शनानंतर तो वर असणारच. त्याऐवजी दोन महिन्यांनी होमोसिस्टीन, आणि दर भेटीत ट्यूनिंग फोर्क व रॉम्बर्ग पाहावे. काकूंचे होमोसिस्टीन दोन महिन्यांनी १२ वर आले आणि तिसऱ्या महिन्यात घोट्यावर थरथर जाणवू लागली. उजव्या अंगठ्याची वर वळण्याची खूण मात्र तशीच होती.

या काळात पडू नये याची सोय घरात करावी लागते. न्हाणीघरात आधाराची दांडी, रात्री वाटेत लहान दिवा, टाचेला पट्टा असलेली चप्पल, आणि जिना उतरताना कठडा सोडायचा नाही. पायांची जाणीव कमी असल्याने गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत; भाजल्याचे कळत नाही. पॅन्टोप्राझोल खरोखर लागते का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. मेटफॉर्मिन चालू राहिले, तर बी-१२ही कायम चालू राहील.

तीन महिन्यांत जीभ आणि होमोसिस्टीन दोन्ही ठिकाणावर आले, पण तोल अजिबात सुधारला नाही किंवा बिघडतच गेला, तर डोस वाढवत राहण्याऐवजी निदान पुन्हा उघडावे. मानेच्या मणक्याचा दाब राहून गेला नाही ना, दीर्घकाळ झिंक घेतल्याने तांबे कमी झाले नाही ना, सिफिलिस आणि एचआयव्हीच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे प्रश्न त्या वेळी न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवावेत. आपल्या भागात कमी बी-१२ इतके सर्रास आढळते की ते दुसऱ्या एखाद्या आजाराच्या सोबतीलाही सहज सापडू शकते.